जेवणावर झालेल्या मुलाखतीनंतर: साहेबांना काय लिहायचं, एचआरला काय आणि केव्हा

संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यातल्या कारखान्यांत इंजिनीअर किंवा मॅनेजर पातळीची भरती चालू असते तेव्हा एक फेरी अशी येते, जिला कुणी फेरी म्हणत नाही. तांत्रिक मुलाखत झालेली असते, एचआरशी बोलणं झालेलं असतं, आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते साहेब फोनवर सांगतात, "मंगळवारी दुपारी जेवायला भेटू, निवांत बोलू." जालना रोडवरचं एखादं हॉटेल ठरतं, नाहीतर सिडकोत कॅनॉटला कॉफी. टेबलावर बायोडेटा नसतो, समोर तिघं-चौघं बसलेले नसतात. गाव कोणतं, घरी कोण कोण, असं करत बोलणं लाइनवरच्या अडचणींपर्यंत येतं. दीड तासानं उमेदवार उठतो तेव्हा त्याला वाटतं की आपलं काम झालं.

मी बरीच वर्षं कारखान्याच्या भरतीत एचआरच्या खुर्चीवर बसतो, म्हणून सांगतो, त्या क्षणी काहीच झालेलं नसतं. तांत्रिक फेरीचा शेरा फॉर्मवर लिहिला जातो, गुण दिले जातात, सही होते. जेवणाचा मात्र कुठलाच कागद तयार होत नाही. साहेब प्लांटला परत आले की आम्ही विचारतो, "कसा वाटला?" ते म्हणतात, "चांगला आहे," आणि कॅलिब्रेशनच्या कटकटीत अडकतात. आठवड्यानं निर्णयाची बैठक होते तेव्हा "चांगला आहे" एवढंच उरलेलं असतं, आणि दुसऱ्या उमेदवारालाही तेच दोन शब्द मिळालेले असतात. त्या भेटीतलं लेखी काही उरायचं असेल तर ते तुम्ही नंतर लिहिता तेवढंच उरतं. म्हणून जेवणानंतरचा पाठपुरावा म्हणजे नुसते आभार मानणं नव्हे. टेबलावर तोंडी झालेल्या गोष्टींपैकी कुठली साहेबांकडे लेखी जायला हवी, कुठली एचआरकडे, आणि कुठली कुठेच नाही, ही निवड हे त्यातलं खरं काम आहे.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर सांगतो, म्हणजे हवेत राहणार नाही.

उदाहरणातला उमेदवार

अंबड तालुक्यातला मुलगा, मेकॅनिकल इंजिनीअर, सध्या चाकणला अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगच्या कंपनीत क्वालिटीत आहे. आईवडील गावी, म्हणून संभाजीनगरला यायचं आहे. वाळूजच्या एका कास्टिंग कारखान्याच्या क्वालिटी हेडबरोबर मंगळवारी दुपारी जेवण झालं. त्यात साहेबांनी पुढच्या गोष्टी सांगितल्या. एका पार्टला लीक टेस्टमध्ये रिजेक्शन फार येतंय. "तुम्ही केलेला एखादा एट-डी रिपोर्ट बघायला आवडेल," म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि त्यावरचा उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल. काम जनरल शिफ्टचं, पण महिनाअखेरीस थांबावं लागतं. पद "डेप्युटी मॅनेजरच्या लेव्हलला बघू," पगाराचं एचआर बोलेल. आधीचा माणूस प्लांट हेडशी पटलं नाही म्हणून गेला, हेही त्यांनी ओघात सांगून टाकलं. नोटिस पिरियड विचारला तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "साठ दिवसांत होईल बहुतेक." नेमणूकपत्रात नव्वद लिहिलेले आहेत.

उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात: टिपण

हॉटेलातून निघाल्यावर गाडी सुरू करण्याआधी किंवा बस पकडण्याआधी मोबाइलमध्ये टिपण करा. घरी जाऊन करू म्हटलं की शब्द बदलतात, आणि इथं शब्दच महत्त्वाचे आहेत. "जनरल शिफ्ट आहे" आणि "शक्यतो जनरल शिफ्ट" यात पुढे सहा महिन्यांच्या रात्रपाळ्यांचा फरक पडू शकतो. "डेप्युटी मॅनेजर देऊ" हा शब्द झाला. "लेव्हलला बघू" हा शब्द नाही, इच्छा आहे. टिपणात ते जसं बोलले तसंच लिहा, तुम्हाला जे ऐकायला आवडलं असतं ते लिहू नका.

तीन गोष्टी वेगवेगळ्या मांडा: त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय कबूल केलं, आणि काय अर्धवट राहिलं. आपल्या उदाहरणात कबूल केलेली गोष्ट एकच, एट-डीचा नमुना. अर्धवट राहिलेल्या दोन, पद आणि रुजू होण्याची तारीख. त्यातली तारीख तर तुम्हीच चुकीची सांगून बसला आहात, म्हणजे ती आधी दुरुस्त करायची.

टिपणाच्या शेवटी एक ओळ अशी लिहा की या गोष्टी लेखी कुठेही जाणार नाहीत. आधीच्या माणसाचं आणि प्लांट हेडचं पटलं नाही, ही गोष्ट साहेबांनी जेवताना विश्वासानं सांगितली. ती तुमच्या संदेशात "तुम्ही सांगितलेली टीममधली परिस्थिती" अशा गुळमुळीत शब्दांतही येता कामा नये, कारण तो संदेश ते आम्हाला फॉरवर्ड करतात आणि आमच्याकडून तो प्लांट हेडकडेही जातो. तुमच्या घरच्या अडचणी, वडिलांचं दुखणं, हेही तसंच. टेबलावर बोललात ते ठीक आहे, लेखी त्याचं वजन वेगळं होतं. वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस वारंवार सुट्ट्या घेईल.

त्याच संध्याकाळी: साहेबांना एक संदेश

व्हॉट्सअ‍ॅप की मेल, हे साहेबांनी तुमच्याशी कशावर संपर्क केला यावर ठरवा. जागा आणि वेळ त्यांनी स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली असेल तर उत्तरही तिथेच. नंबर एचआरनं फक्त "पोचल्यावर फोन करा" म्हणून दिला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहू नका, मेल करा. भेट कन्सल्टंटनं ठरवली असेल तर आधी त्याला फोन करून भेट कशी झाली ते सांगा आणि साहेबांना थेट लिहिलेलं चालेल का विचारून घ्या. काही कन्सल्टंट ते पसंत करत नाहीत, आणि पगाराची बोलणी त्याच्याच हातून व्हायची असतात.

वेळ संध्याकाळी सहा ते आठच्या मधली बरी. दुपारी अडीच-तीनला लिहिलंत तर साहेब शिफ्ट बदलण्याच्या गडबडीत असतात. रात्री दहाला लिहिलंत तर ते घरी असतात. दोन्ही वेळी संदेश वाचून बाजूला पडतो.

मजकूर असा:

"नमस्कार सर. आज वेळ काढून भेटलात, जेवणही छान झालं, मनापासून आभार. लीक टेस्टच्या रिजेक्शनबद्दल तुम्ही बोललात त्यावर एक विचारायचं राहिलं: वॉशिंगनंतर पार्ट किती वेळानं टेस्टला जातो? आमच्याकडे पार्ट कोमट असताना टेस्ट झाली की रीडिंग फिरायचं. एट-डीचा नमुना कंपनीची माहिती काढून, नव्यानं मांडून गुरुवारी संध्याकाळपर्यंत मेल करतो. पद आणि रुजू होण्याच्या तारखेबद्दल एचआर मॅडमना उद्या लिहितो."

एवढंच. यातला जेवणाबद्दलचा आभार एका वाक्यात संपला. मधला प्रश्न हा या संदेशाचा कणा आहे. लीक टेस्ट मशीन पार्टमध्ये हवा भरून दाब किती घसरतो ते मोजत असेल, तर तापमान बदललं तरी दाब बदलतो. वॉशिंग मशीनमधून गरम आलेला पार्ट लगेच लावला तर चांगला पार्ट नापास होऊ शकतो आणि गळका पार्ट पासही होऊ शकतो. हे ज्यानं लाइनवर उभं राहून पाहिलंय तोच विचारतो. साहेबांना एका ओळीत कळतं की आपण बोललो ते या माणसानं कामाच्या अंगानं ऐकलं. पण तो प्रश्न आहे, निदान नाही, हे लक्षात घ्या. त्यांची लाइन तुम्ही पाहिलेली नाही. दोष पोरोसिटीचा असेल, एकाच कॅव्हिटीचा असेल, फिक्श्चरच्या सीलचा असेल. "सर, तुमचा प्रॉब्लेम वॉशिंगचा आहे" असं लिहिणारा उमेदवार हुशार वाटत नाही, उतावळा वाटतो.

तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर प्रश्नही वेगळा असेल. जालन्याच्या बियाणे कंपनीत विक्रीची जागा असेल तर परत आलेल्या मालाबद्दल, लातूरच्या डाळ मिलमध्ये खरेदीची असेल तर आर्द्रता मोजण्याच्या जागेबद्दल. कसोटी एकच: तो प्रश्न त्या जेवणात झालेल्या बोलण्यातूनच निघायला हवा. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला तसाच पाठवता येईल असा असेल तर तो काढून टाका.

शेवटच्या वाक्यानं पद आणि तारखेचा विषय साहेबांच्या डोक्यावरून उतरवून एचआरकडे नेला. हे साहेबांना बरं वाटतं. पगाराबद्दल त्यांना प्रत्यक्ष अधिकार कमी असतात, आणि ज्यात अधिकार नाहीत त्यावर लेखी उत्तर द्यायची वेळ आणली की ते उत्तरच देत नाहीत. मग उमेदवार म्हणतो, साहेबांनी संदेश पाहिला पण काही बोलले नाहीत.

संबोधनाबद्दल थोडं सांगायलाच हवं. आपल्याकडे दहा मिनिटांत गाव निघतं, पंधराव्या मिनिटाला पाहुणेरावळे निघतात. "अरे, तू अमक्यांच्या गावचा!" असं म्हणत साहेब जेवताना अरे-तुरेवर आले असतील, तरी लिहिताना "सर"च. टेबलावरची जवळीक त्यांनी दिलेली आहे, ती लेखी वापरायचा हक्क तुमच्याकडे नाही. आणि बिलाचा विषय पुन्हा काढू नका. आपल्याकडे "मी देतो ना सर" म्हणून काउंटरवर ओढाताण होते, तिथवर ठीक. नंतर त्यांच्या नंबरवर निम्मे पैसे पाठवणं, किंवा गावाकडचे केसर आंबे घरी पोचवणं, हे अजिबात नको. भेट देण्याचा हेतू निर्मळ असला तरी निर्णय व्हायच्या आधी आलेली पेटी साहेबांना आमच्याकडे येऊन सांगावी लागते, किंवा लपवावी लागते. दोन्हीत तुमचं नुकसान आहे.

याहून जास्त नुकसान होतं ते ओळखीच्या फोननं. घरी सांगितलं की "साहेबांबरोबर जेवण झालं," की मामा, मावसभाऊ, गावातले कुणी पुढारी, कुणीतरी त्या कारखान्यात कुणाला तरी ओळखत असतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन येतो, "आपला मुलगा आहे, बघा जरा." ज्या साहेबांनी स्वतःहून तुम्हाला निवडायचं ठरवत आणलं होतं, त्यांना आता तुमची निवड केली तर वशिल्यानं केली असं दिसेल. त्यामुळे घरी नाव, पद, कंपनी काही सांगायच्या आधी स्पष्ट सांगा की कुणीही फोन करायचा नाही. फोन गेलाच असेल तर एचआरला एका ओळीत कळवा: "माझ्या नकळत एका नातेवाइकांनी फोन केल्याचं समजलं, माझी निवड फक्त मुलाखतींवर व्हावी अशी इच्छा आहे." मला अशी ओळ एकदा आली होती. तो मुलगा आजही आमच्याकडे आहे.

गुरुवारपर्यंत: कबूल केलेली वस्तू

जेवताना साहेब सहज म्हणतात, "एखादा रिपोर्ट पाठवा," आणि इथं चांगली चांगली माणसं घसरतात. ती आपल्या सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपमधून खरा एट-डी उचलून पाठवतात. त्यावर ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे, फोटो, सगळं असतं. तुमच्या नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम असतंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो कागद उघडणाऱ्या साहेबांच्या मनात पहिला विचार येतो, "उद्या हा आमचेही कागद असेच बाहेर पाठवेल." कामाचा कस दाखवायला गेलात आणि विश्वास घालवून बसलात. वाळूज आणि चाकणचे ग्राहक बऱ्याचदा तेच असतात, त्यामुळे नाव पाहून साहेब अवघडतात ते वेगळंच.

बरोबर रीत अशी. घरच्या कॉम्प्युटरवर कोरं पान घ्या आणि आठवणीतून एक जुनी समस्या नव्यानं मांडा. ग्राहकाच्या जागी "दुचाकी वाहन उत्पादक," पार्टच्या जागी "अ‍ॅल्युमिनियम हाउसिंग," आकड्यांच्या जागी प्रमाण: "रिजेक्शन साधारण एक तृतीयांशावर आलं." फोटो नकोत. चित्र हवं असेल तर हातानं साधी आकृती काढा. कंपनीच्या मेलवरून पाठवू नका, स्वतःच्या मेलवरून पाठवा.

दोन पानांच्या वर जाऊ नका. एट-डीच्या आठही पायऱ्या भरायचा मोह होतो, पण क्वालिटीचा माणूस वाचताना दोन ठिकाणी थांबतो. एक, तात्पुरता बंदोबस्त काय केला, म्हणजे खराब माल ग्राहकाकडे जाणं त्याच दिवशी कसं थांबवलं. दुसरं, मूळ कारण कसं सिद्ध केलं. इथं "ऑपरेटरचं दुर्लक्ष, प्रशिक्षण दिलं" असं लिहिलेलं असेल तर तो रिपोर्ट तिथेच संपतो. शोधलेलं कारण चालू-बंद करून दोष येतो आणि जातो हे दाखवलं का, आणि दोष टेस्टिंगला न सापडता पुढे कसा गेला याचंही कारण शोधलं का, हे त्यांना बघायचं असतं. या दोन पायऱ्यांना निम्मी जागा द्या, बाकीच्या एकेका ओळीत आवरा.

मेलच्या मजकुरात तीन ओळी पुरेत: काय जोडलं आहे, ओळख पटेल अशी माहिती काढून पुन्हा मांडलं आहे, आणि काही विचारायचं असेल तर कुठल्या वेळेत फोन घेता येईल. गुरुवार म्हटलात तर गुरुवारीच. जमणार नसेल तर बुधवारी रात्री कळवा. ही छोटी मुदत म्हणजे साहेबांसाठी तुमच्याबरोबर काम करण्याचा पहिला अनुभव असतो. ग्राहकाची तक्रार आली की चोवीस तासांत पहिलं उत्तर द्यावं लागणाऱ्या खात्यात ते बसतात.

दुसऱ्या दिवशी: एचआरला मेल

साहेबांना लिहिलेलंच एचआरला चिकटवू नका. आम्हाला लीक टेस्टशी घेणं नसतं. आम्हाला जागा कधी भरेल, कितीत भरेल आणि मधेच फिसकटणार नाही ना, एवढंच हवं असतं. शिवाय हा मेल पुण्याच्या किंवा आणखी कुठल्या मुख्य कार्यालयात पुढे जाऊ शकतो, त्यामुळे साहेबांशी मराठीत बोलला असाल तरी हा मेल कंपनी ज्या भाषेत पत्रव्यवहार करते त्याच भाषेत लिहा.

आशय असा ठेवा. मंगळवारी अमुक सरांबरोबर भेट झाली, कामाचं स्वरूप समजलं आणि मला ही जागा हवी आहे. मग दुरुस्ती: "बोलताना मी नोटिस पिरियड साठ दिवसांच्या आसपास सांगितला होता. नेमणूकपत्र तपासलं, तो नव्वद दिवसांचा आहे. उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटता येतं का हे ऑफर हातात आल्यावर विचारता येईल." ही ओळ लिहायला जड जाते. पण विचार करा, १० जूनला ऑफर आली आणि ११ जूनला राजीनामा दिला तर नव्वद दिवस ९ सप्टेंबरच्या आसपास भरतात. साठ धरून साहेबांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ग्राहकाच्या ऑडिटची तयारी तुमच्यावर सोपवायचं ठरवलं असेल, तर हा महिना त्यांना तेव्हा कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. ऑफरनंतर कळलं तर तो लपवाछपवीचा प्रकार दिसतो.

त्यानंतर विचारायच्या गोष्टी, आणि त्या दोनच: "पद कुठलं प्रस्तावित आहे आणि शिफ्टचं स्वरूप काय, हे सोयीनं कळवावं." इथं "सरांनी डेप्युटी मॅनेजर देतो म्हटलंय" असं लिहिणं सर्वांत वाईट. साहेब म्हणाले होते "बघू." तुम्ही त्यांच्या तोंडी शब्द घातलात आणि तेही आमच्यासमोर, की ते आमच्याकडे येऊन सांगतात, "मी असं काही कबूल केलेलं नाही." तिथून पुढे प्रत्येक गोष्टीत ते हात आखडता घेतात. साधा प्रश्न विचारला की आम्हीच साहेबांना विचारतो, आणि ते आपल्या मनानं तुमच्या बाजूनं बोलतात.

पगाराचा आकडा या मेलमध्ये नको. आम्ही विचारला तर उत्तर द्या, तेही हातात किती आणि वार्षिक सीटीसी किती, दोन्ही वेगळं सांगून.

मग थांबायचं

साहेबांनी तारीख सांगितली असेल, "पुढच्या शुक्रवारपर्यंत कळेल," तर त्या तारखेनंतर दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि एचआरला विचारा. तारीख नसेल तर पाच-सहा कामाचे दिवस. विचारणा एचआरलाच, साहेबांना नाही. साहेबांशी तुमचं बोलणं कामाचं राहू द्या.

कामाचे दिवस मोजताना कारखान्याचं पंचांग वेगळं असतं. महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस डिस्पॅचचे, त्यात क्वालिटीवाला जेवायलाही उठत नाही. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे पगाराची कामं. सगळ्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, ती आधी माहीत करून घ्या. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, दसरा-दिवाळी, या काळात आलेली विचारणा खाली जाते आणि नंतर कुणी वर आणत नाही.

विचारणेचा मजकूर दोन ओळींचा: "नमस्कार मॅडम. मागच्या मंगळवारच्या भेटीनंतर पुढची पायरी कधी अपेक्षित आहे ते कळू शकेल का? माझ्याकडून काही कागद हवे असतील तर लगेच पाठवतो." उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी आणखी एकदा. तिसऱ्यांदा नाही. त्यानंतर ही जागा मनातून बाजूला ठेवून दुसरीकडे मुलाखती चालू ठेवा, खरं तर त्या कधी थांबवायच्याच नव्हत्या.

मधल्या काळातल्या खुणा कशा वाचायच्या? साहेबांनी नुसता अंगठा पाठवला तर त्याचा अर्थ "पाहिलं," एवढाच. "एचआर तुमच्याशी बोलेल" हे उत्तर आलं तर त्यांनी बाजूला टाकलं असं समजू नका, बहुतेक वेळा त्यांचं काम झालेलं असतं आणि फाइल आमच्याकडे आलेली असते. साहेबांनी तुमच्या एट-डीवर उलट प्रश्न विचारला तर ती चांगली खूण. आम्ही गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या तर ऑफरचं गणित मांडायला घेतलंय. आणि कन्सल्टंट रोज फोन करून "अजून दुसरी ऑफर नाही ना?" विचारू लागला तर बहुधा वरच्या मंजुरीसाठी थांबलंय.

कॉफीची भेट अर्ध्या तासाची असेल आणि त्यात काहीच ठोस बोलणं झालं नसेल, तर हे सगळं करायची गरज नाही. संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा संदेश, दुसऱ्या दिवशी एचआरला "भेट झाली, मला रस आहे" एवढं कळवणं, बस्स. नसलेला मुद्दा ओढून आणू नका.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. भेटीनंतर साहेबांचे संदेश कामावरून खासगी गोष्टींकडे वळू लागले, रात्री येऊ लागले, पुन्हा "असंच" भेटायचा आग्रह होऊ लागला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देणं थांबवा आणि पुढचं सगळं एचआरला सोबत ठेवून मेलवर करा. संदेश पुसू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात पीडित महिलेची व्याख्या फक्त नोकरीत असलेल्या बाईपुरती नाही, त्यामुळे "अजून तू कंपनीत कुठे आहेस" असं म्हणून कुणी तुमची तक्रार परतवू लागलं तर ते ऐकू नका. अंतर्गत समितीकडे तक्रार करायची सर्वसाधारण मुदत तीन महिन्यांची आहे.

ऑफर आली, पण बोलणं आणि कागद जुळत नाही

आता मंगळवारचं टिपण पुन्हा काढा. आपल्या उदाहरणात ऑफरमध्ये "असिस्टंट मॅनेजर" आलं आणि शिफ्टबद्दल "कंपनीच्या गरजेनुसार." पदाबद्दल साहेबांनी शब्द दिला नव्हता, त्यामुळे ते फिरले असं म्हणता येणार नाही. विचारता नक्की येईल: "डेप्युटी मॅनेजर पातळीचा विचार होऊ शकतो का, किंवा पहिल्या वार्षिक आढाव्यात त्याचा विचार होईल का?" शिफ्टचं मात्र टिपणात "जनरल शिफ्ट" असंच आहे. त्यासाठी एचआरला लिहा: "भेटीत माझी समजूत जनरल शिफ्ट अशी झाली होती, महिनाअखेर वगळून. पत्रात वेगळी शब्दरचना आहे. प्रत्यक्षात काय अपेक्षित आहे ते लेखी कळवलं तर बरं होईल." "माझी समजूत झाली" हे शब्द मुद्दाम आहेत. त्यात साहेबांवर आरोप नाही, आणि उत्तर मेलवर येतं. कंपनीची बस तुमच्या भागातून त्या शिफ्टला येते का, हेही याच मेलमध्ये विचारून टाका. वाळूजला रोज जायचं असेल तर त्यानं महिन्याचा खर्च ठरतो.

अशा मेलच्या उत्तरात बदललेलं पत्र येईलच असं नाही. अनेकदा ठरावीक नमुना बदलत नाहीत, पण एचआरचा "सध्या ही जागा जनरल शिफ्टची आहे" असा मेल येतो. तो जपून ठेवा. पुढे गरज बदलली तर तो तुम्हाला बांधील हमी देणार नाही, पण बोलायला आधार देईल. फोनवरच "काळजी करू नका" म्हटलं गेलं तर फोन ठेवल्यावर तुम्हीच मेल टाका: "आत्ता बोललो त्याप्रमाणे..."

सही केलेलं ऑफर लेटर हातात येईपर्यंत चाकणला राजीनामा द्यायचा नाही, साहेब जेवताना कितीही आपुलकीनं बोललेले असोत. पत्र स्वीकारल्यावर साहेबांना स्वतः फोन करा, राजीनाम्याची तारीख सांगा आणि नव्वद दिवसांत कुठला आठवडा त्यांना अडचणीचा आहे ते विचारून घ्या. ऑफर नाकारायची ठरलं तरी आधी फोन साहेबांनाच, त्यानंतर त्याच दिवशी एचआरला मेल. कारण एका वाक्यात सांगा, दुसऱ्या कंपनीचा आकडा सांगू नका. आणि नकार त्यांच्याकडून आला तर त्याच संध्याकाळी साहेबांना लिहा: "निर्णय कळला सर. लीक टेस्टचं पुढे काय निघालं ते कधी सवडीनं सांगितलंत तर मला शिकायला मिळेल."